दर घाण्याचा भाव निराळा

भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात घरच्या घरी सुगंधी मेणबत्त्या करायच्या, तर मेण, वाती, सुगंधी तेल आणि काचेचे ग्लास हे सगळं बाहेरून, बहुधा नागपुराहून येणार. यातला एकही भाव त्या घरात ठरत नाही. श्रावणात आणलेलं मेण एका दराचं असतं, नवरात्रातलं दुसऱ्या. गिऱ्हाईक मात्र दिवाळीला मागच्याच किमतीत तीच मेणबत्ती मागतं. म्हणून या धंद्यात ओतकामाइतकीच हिशेबाची वही महत्त्वाची आहे.

पॅराफिन मेण हे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातलं जोडउत्पादन. वंगणाचं तेल तयार करताना त्यातून मेण वेगळं काढतात, म्हणून कच्च्या तेलाचा भाव आणि डॉलरचा दर दोन्ही त्याला चिकटलेले असतात. शिवाय नव्या पद्धतीचे शुद्धीकरण कारखाने हे मेण वेगळं न काढता रासायनिक प्रक्रियेनं त्याचं रूपच बदलून टाकतात, त्यामुळे तेल स्वस्त झालं तरी मेण स्वस्त होईलच असं नाही. सुगंधी तेलाचं गणित आणखी लांबचं. 31 ऑक्टोबर 2017 रोजी जर्मनीत लुडविगशाफेन इथल्या बीएएसएफच्या कारखान्यात आग लागली आणि सिट्रालचा पुरवठा अडला. लिंबाच्या वासाचा हा घटक अनेक फुलांच्या कृत्रिम वासांचाही कच्चा माल आहे. अशा एका आगीची झळ सुगंधाच्या बाटलीच्या भावाला लागते.

आता एक घाणा मांडून पाहू. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत, वाचणाऱ्यानं आपापल्या बिलातले घालावेत. पाच किलो मेण 140 रुपये किलोनं 700 रुपयांचं. मेणाच्या सहा टक्के, म्हणजे 300 ग्रॅम सुगंधी तेल 2000 रुपये किलोनं 600 रुपयांचं. एकूण 5300 ग्रॅम. भांड्याला चिकटणारं आणि सांडणारं धरून तीन टक्के वजा केले, की ओतायला साधारण 5140 ग्रॅम उरतं. ग्लासात किती मावतं, हे पाण्यानं काढता येतं. ओतायच्या रेघेपर्यंत पाणी भरून वजन करा. 200 ग्रॅम पाणी भरलं तर मेण 170 ग्रॅमच्या आसपास बसेल. मेण पाण्यापेक्षा हलकं आणि थिजताना आकसतं, म्हणून पाण्याचा आकडा जसाच्या तसा धरला तर दर घाण्यात मेण जास्त लागल्याचा भास होतो. इथे 30 ग्लास भरतात.

वाती बुडाच्या पत्र्यासकट अडीच रुपयाप्रमाणे 75. झाकणासह ग्लास 38 रुपयांचा. वाटेत एक फुटतो असं धरून 31 ग्लासांचे 1178. लेबल-खोके 270, गॅस-वीज 90, पाच तासांची मजुरी 75 रुपयांप्रमाणे 375, वाहतुकीचा वाटा 150. बेरीज 3438. तीसपैकी एक मेणबत्ती जाळून पाहायची आहे, म्हणून भागाकार 29 नं. एका मेणबत्तीला 118 रुपये 55 पैसे. घरच्या बाईची मजुरी आणि जाळलेली मेणबत्ती, या दोनच ओळी बहुतेक वह्यांत नसतात. मजुरी काढून टाकली की आकडा सुमारे तेरा रुपयांनी खाली येतो आणि तेवढाच नफा कागदावर फुगतो. जीएसटीची नोंदणी नसेल तर मेणावर भरलेला करही परत मिळत नाही, म्हणून दर कर धरूनच घ्यायचा.

पुढच्या घाण्याला मेण 165 आणि तेच तेल 2600 झालं. मेणाचे 125 रुपये वाढले, तेलाचे 180. मेणबत्तीमागे साडेदहा रुपयांची वाढ, म्हणजे 129 रुपये. वजनात 300 ग्रॅम असलेल्या तेलानं पाच किलो मेणापेक्षा जास्त भार टाकला. सगळं लक्ष मेणाच्या भावावर ठेवणाऱ्यांनी ही तुलना एकदा करून बघावी, असं मला फार वाटतं.

यावर स्वस्त तेल घेण्याचा मोह होतो. अनेकदा ते पातळ केलेलं असतं. 2000 रुपये किलोचं तेल सहा टक्क्यांत जेवढा वास देतं, तेवढ्यासाठी 1400 चं पातळ तेल दहा टक्के घालावं लागलं, तर किलोभर मेणामागे 120 ऐवजी 140 रुपये जातात. वर जास्तीचं तेल मेणात मुरत नाही, मेणबत्तीच्या वरच्या अंगाला थेंब सुटतात आणि वातीत साचून ज्योत धुरकट होते. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात हे लवकर दिसतं. मऊ मेण तिथल्या मे महिन्यात नुसत्या कपाटातही घाम सोडतं.

वात सगळ्यांत स्वस्त वस्तू, पण तिची चूक सगळ्यांत महाग. मेणाची किंवा तेलाची नवी खेप आली की एक मेणबत्ती जाळून पाहायलाच हवी. ग्लासाच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास जळू द्या. तेवढ्या वेळात पातळ मेण कडेपर्यंत पोहोचलं नाही आणि मध्येच खड्डा पडत गेला, तर वात बारीक आहे. टोकाला बोंड येऊन काजळी धरली तर जाड आहे. अडीच रुपयांच्या वातीसाठी 118 रुपयांची मेणबत्ती जाळणं जड वाटतं, पण एकोणतीस खराब मेणबत्त्या परत येण्यापेक्षा ते स्वस्त.

मग किंमत कशी ठरवायची? गोदामात दोन किलो जुनं मेण 140 चं आणि आठ किलो नवं 165 चं असेल, तर सरासरी 160 येते. झालेल्या घाण्याचा नफा काढायला ही सरासरी चालते. किंमत ठरवताना मात्र पुढची खेप ज्या भावानं घ्यावी लागेल, तोच भाव धरायचा. महाबळेश्वरला सनराइज कँडल्स उभी करणारे दृष्टिहीन उद्योजक भावेश भाटिया सुरुवातीच्या हातगाडीच्या दिवसांत रोजच्या विक्रीतून 25 रुपये दुसऱ्या दिवशीच्या मेणासाठी बाजूला ठेवत. तत्त्व तेच: आजच्या विक्रीतून उद्याचं मेण आलं पाहिजे.

विक्रीची किंमत 220 ठेवली आणि दुकानदारानं तीस टक्के कमिशन घेतलं, तर हाती 154 येतात. पहिल्या घाण्यात 35 रुपये सुटतात, दुसऱ्यात 25. इथे एक चूक सर्रास होते. हाती 154 हवेत म्हणून त्यावर तीस टक्के चढवून 200 लिहितात. दुकानदार तीस टक्के विक्रीच्या किमतीवर कापतो, 60 रुपये जातात आणि हाती 140 च येतात. 154 ला 0.7 नं भागायचं, तेव्हा 220 येतात.

दर घाण्याला किंमत हलवली तर दुकानदार कंटाळतो. त्यापेक्षा वहीत एक हद्द लिहून ठेवावी. मेणबत्तीमागे किमान 20 रुपये उरायलाच हवेत असं ठरवलं, तर खर्च 134 पर्यंत चढेतो 220 ला हात लावायचा नाही. तो ओलांडला, की नव्या घाण्यापासून नवी किंमत आणि लेबलही नवं. स्वस्त घाण्यात सुटलेले जास्तीचे पैसे खर्चून न टाकता महाग घाण्यासाठी बाजूला ठेवले, तरच ही हद्द टिकते.

दिवाळीच्या भेटवस्तूंच्या मोठ्या ऑर्डरी गणपतीच्या सुमारास बोलायला लागतात आणि माल दोन महिन्यांनी द्यायचा असतो. अशा दरपत्रकावर हा भाव पंधरा दिवसांपुरता असल्याचं लिहावं, आणि मेण व सुगंधी तेलाची खरेदी ज्यातून होईल एवढी रक्कम आगाऊ मागावी. ती आली की त्याच आठवड्यात दोन्ही वस्तू घेऊन टाकाव्यात. ग्लास-खोकी नंतर घेतली तरी चालतात. तेल एकाच खेपेचं, बंद बाटलीत आणि उन्हापासून लांब ठेवावं, म्हणजे शंभरावी मेणबत्तीही पहिलीसारखाच वास देईल आणि ऑर्डर संपेपर्यंत वात पुन्हा तपासत बसावं लागणार नाही.