धूर नसलेल्या शेगडीतला वायू

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडे अजून मोडलेली नाही. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, तिच्यावर ओवा, शेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची, बाळाला आणि आईला शेक द्यायचा आणि वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या. यात एक काळजीही घेतली जाते. कोळसे आधी बाहेर, अंगणात किंवा गॅलरीत पेटवतात, त्यांचा धूर संपू देतात आणि ते लाल झाले की मगच शेगडी आत आणतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे. धूर संपलेल्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त निघतो. असे का होते, हे समजण्यासाठी आधी स्वयंपाकघरातल्या गॅसच्या शेगडीकडे पाहावे लागेल, कारण जी गोष्ट निखाऱ्यांना जमत नाही ती तिथे जवळजवळ पूर्ण होते.

घरगुती सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्ही कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे आहेत. ब्युटेनचा एक लिटर वायू पूर्ण जळायला साडेसहा लिटर ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन जेमतेम एकपंचमांश असल्यामुळे त्यासाठी सुमारे 31 लिटर हवा पुरवावी लागते. एवढी हवा गॅसपर्यंत कशी पोचते? बटण फिरवले की गॅस एका बारीक छिद्राच्या पितळी जेटमधून जोराने बाहेर येतो. जेटच्या पुढच्या नळीला हवेसाठी जागा मोकळी ठेवलेली असते. गॅसचा झोत पुढे धावताना तिथली हवा स्वतःबरोबर ओढून घेतो आणि बर्नरच्या छिद्रांपर्यंत पोचेतो गॅस व हवा नीट मिसळलेली असतात. लागणाऱ्या हवेपैकी साधारण निम्मी अशी आतूनच मिळते. उरलेली ज्योतीच्या भोवतालून, भांड्याखालच्या मोकळ्या जागेतून येते. म्हणून भांडे बर्नरवर थेट न टेकवता पायांवर उंच ठेवलेले असते.

आता ज्योतीत काय घडते ते पाहू. कार्बनचा अणू एका झटक्यात कार्बन डायऑक्साइड होत नाही. ज्योतीच्या आतल्या भागात गॅसचे रेणू तुटतात आणि कार्बनला आधी ऑक्सिजनचा एकच अणू मिळतो. हा झाला कार्बन मोनॉक्साइड. म्हणजे उत्तम चालणाऱ्या निळ्या ज्योतीतही तो तयार होतोच. फरक पुढच्या टप्प्यात आहे. त्या मोनॉक्साइडला ऑक्सिजनचा दुसरा अणू मिळाला की डायऑक्साइड तयार होतो. हा दुसरा अणू बहुतांशी हवेतल्या ऑक्सिजनकडून थेट येत नाही. ज्योतीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीचे, अत्यंत अस्थिर असे तुकडे क्षणभर जन्मतात. रसायनशास्त्रज्ञ त्यांना हायड्रॉक्सिल म्हणतात. मोनॉक्साइडला ऑक्सिजन देण्याचे काम मुख्यतः तेच करतात. मात्र हे तुकडे आधी न जळलेल्या गॅसवर तुटून पडतात. तो संपल्यावरच मोनॉक्साइडची पाळी येते. त्यामुळे त्याचे ज्वलन ज्योतीच्या बाहेरच्या, शेवटच्या भागात होते आणि तिथे पुरेशी हवा, पुरेशी उष्णता व थोडा वेळ या तिन्ही गोष्टी लागतात. यांपैकी एकही कमी पडली की मोनॉक्साइड तसाच निसटतो. अपूर्ण ज्वलन म्हणतात ते हेच.

यात उष्णतेचेही मोठे नुकसान आहे. कार्बन पूर्ण जळताना जेवढी उष्णता मिळते, तिला शंभर भाग मानले तर मोनॉक्साइडपर्यंत पोचताना त्यातले सुमारे 28 भागच हाती येतात. बाकीचे 72 दुसऱ्या टप्प्यात मिळतात. निसटलेला मोनॉक्साइड विषारी तर असतोच, शिवाय पैसे देऊन विकत घेतलेली बरीचशी उष्णताही तो न देताच घेऊन जातो.

गॅसच्या शेगडीसाठीच्या भारतीय मानकात याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत डायऑक्साइडच्या शंभर भागांमागे मोनॉक्साइड दोन भागांहून जास्त असता कामा नये. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने, डाळीने बुजली, हवेच्या जागेत जाळे-धूळ बसली किंवा जेट बदलताना मोठ्या छिद्राचे लावले गेले, तर हे प्रमाण बिघडते. ज्योत पिवळी, लांब, लवचिक होते आणि भांड्याचे बूड काळे पडू लागते. तो पिवळा रंग तापून चमकणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. बूड काळे होऊ लागले की बर्नर साफ करून घ्यावा. पण रंगावर फार विसंबू नये. डाळीचे मिठाचे पाणी सांडले तरी ज्योत काही वेळ पिवळी-नारिंगी दिसते, आणि तिचा मोनॉक्साइडशी काही संबंध नसतो. उलट थंड, मोठे पातेले निळ्या ज्योतीत दाबून बसवले तर ज्योत निळीच राहील, पण तिचा शेवटचा भाग भांड्यावर आपटून थंड होईल आणि मोनॉक्साइड न जळता निसटेल.

आता बाजेखालची शेगडी. लाकडी कोळशात बहुतेक कार्बनच असतो. ज्या वायूंमुळे लाकडाला ज्वाला आणि धूर येतो ते कोळसा तयार होतानाच आणि पेटवताना निघून गेलेले असतात. म्हणून लाल निखाऱ्याला धूर नसतो. जाळीखालून येणारी हवा तळाच्या निखाऱ्यांना भिडते आणि तिथे बराचसा डायऑक्साइड तयार होतो. हा वायू वर चढताना त्याला पुन्हा लालभडक कोळशांमधूनच वाट काढावी लागते. सुमारे 700 अंश सेल्सिअसच्या वर कोळशाचा कार्बन या डायऑक्साइडशी संयोग पावतो, आणि एका डायऑक्साइडच्या जागी दोन मोनॉक्साइड तयार होतात. पूर्ण झालेले ज्वलन निखाऱ्यांच्या थरातून वर जाता जाता असे मागे फिरते. लोखंडाच्या भट्टीत हेच मुद्दाम घडवून आणतात, कारण खनिजातून लोखंड मोकळे करायला तिथे मोनॉक्साइडच हवा असतो.

चांगल्या फुललेल्या शेगडीवर अंधारात पाहिले तर निखाऱ्यांच्या वर फिकट निळ्या, लहान ज्वाला नाचताना दिसतात. तो वर आलेला मोनॉक्साइड हवेत जळत असतो. ही ज्वाला टिकायला वरचा थर 600 अंशांच्या वर तापलेला असावा लागतो. शेगडी आत आणून तासभर झाला की निखाऱ्यांवर राखेचा थर चढतो, वरचा भाग निवतो आणि निळी ज्वाला विझते. आतला कोळसा मात्र संथपणे धुमसतच असतो. मोनॉक्साइड निघतच राहतो, त्याला जाळणारी ज्वाला तेवढी उरलेली नसते. गॅसमध्ये भरपूर हायड्रोजन असल्यामुळे तिथे हायड्रॉक्सिलचा तुटवडा नसतो; कोळशात हायड्रोजन नगण्य, म्हणून तीही मदत इथे तोकडी पडते.

किती वायू साठेल याचा एक हिशेब करू. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे 28 घनमीटर हवा. शेगडीत 100 ग्रॅम कार्बन जळला आणि त्यातला फक्त दहावा भाग मोनॉक्साइड होऊन बाहेर पडला असे धरू. दहा ग्रॅम कार्बनापासून सुमारे 23 ग्रॅम मोनॉक्साइड होतो. तो खोलीभर पसरला तर दर घनमीटरला 800 मिलिग्रॅमच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी एका तासाची मर्यादा 35 मिलिग्रॅम ठेवली आहे. दाराच्या फटींतून थोडी हवा बदलेल आणि आकडा काहीसा उतरेल, हे खरे. पण 100 ग्रॅम म्हणजे मूठ-दोन मुठी कोळसा. शेगडी रात्रभर ठेवली तर त्यापेक्षा कितीतरी जास्त जळतो. शिवाय शेगडी बाजेखाली असल्यामुळे गरम वायूचा झोत आधी बाजेवर झोपलेल्यांकडेच चढतो.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरचा गॅस गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनच्या उग्र वासाने कळते. निखाऱ्यांच्या वायूत तसे काही नसते आणि ओव्याच्या धुरीचा वास खोलीत असला तर कुणाला शंकाही येत नाही. डोके दुखते, मळमळते, गरगरते, हातापायांतले बळ जाते. बाळंतिणीला असे झाले तर घरची माणसे ते अशक्तपणावर ढकलतात. बाळाला तर सांगताच येत नाही, आणि त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असल्यामुळे वायू त्याच्या रक्तात लवकर भिनतो. बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवते. मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनने भरलेले भासते आणि ते 98-99 असा निर्धास्त आकडा दाखवते.

बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरची गोष्ट यापेक्षा थोडी वेगळी आहे. तिथे ज्योत आणि बर्नर दोन्ही ठीक असू शकतात, पण गीझर स्वयंपाकाच्या शेगडीपेक्षा खूप जास्त गॅस जाळतो आणि लहानशा खोलीतला ऑक्सिजन कमी करत जातो. मग सुरुवातीला पूर्ण होणारे ज्वलन काही मिनिटांनी अपूर्ण होऊ लागते.

शेक देण्याला माझा विरोध नाही. उबेने आईला बरे वाटते आणि बाळालाही ऊब हवीच असते. विस्तव मात्र खोलीबाहेर ठेवा. फडके, वाळूची पुरचुंडी बाहेर तापवून आत न्या किंवा गरम पाण्याची पिशवी वापरा. राख चढलेली शेगडी विझली असे समजून झोपण्याच्या खोलीत कधीही ठेवू नका. शेगडी असलेल्या खोलीत एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले किंवा कुणाला गुंगी आली, तर आधी सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या. तिथे पोचताच खोलीत निखारे होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा. साध्या हवेत रक्तातला निम्मा मोनॉक्साइड सुटायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होते.