कोणत्या बिलाची जमा?

विजेचं सामान घाऊक विकणारी एखादी पेढी डोळ्यांसमोर आणा. वायरची बंडलं, स्विच, पंखे. गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार आणि बांधकाम कंत्राटदार, बहुतेक सगळे उधारीवर माल नेणारे. तिथे हिशेबाचं टेबल सांभाळणारी कारकून नोकरी सोडते आणि जाण्याआधी नव्या मुलासाठी कामाचं टिपण लिहून ठेवते. अशा टिपणांत बहुधा टॅलीत कोणती कळ दाबायची एवढंच असतं: विक्रीला F8, जमेला F6. ते दोन दिवसांत हाताला बसतं. नवा माणूस अडतो तो आकडे जुळत नाहीत तेव्हा, म्हणून टिपणाची निम्मी पानं तरी न जुळणाऱ्या आकड्यांना द्यायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात ऑर्डरपासून. सकाळी व्हॉट्सॲपवर मजकूर येतो, ‘अडीच एमएमची लाल वायर १०’. दहा काय? बंडलं की पेट्या? घरगुती वायरचं नेहमीचं बंडल ९० मीटरचं असतं. दहा बंडलं म्हणजे ९०० मीटर, दहा पेट्या म्हणजे त्याच्या कितीतरी पट. टिपणात लिहायचं ते असं: एकक नसेल तर मागच्या बिलावरून अंदाज बांधू नये, फोन करावा, आणि उत्तर ऑर्डरच्या शेऱ्यात नोंदवावं. दुसरी गफलत दुबार नोंदीची. तीच ऑर्डर विक्री प्रतिनिधी संध्याकाळी वहीतून आणतो आणि गिऱ्हाइकाने ती सकाळीच पाठवलेली असते. गिऱ्हाइकाचा ऑर्डर क्रमांक नोंदीत टाकायची सवय असली की दुसरी नोंद करताना हे लगेच दिसतं. क्रमांक नसेल तर त्या गिऱ्हाइकाच्या गेल्या दोन दिवसांच्या ऑर्डरी उघडून पाहायच्या. दर कुठून घ्यायचा आणि जास्तीची सूट कोण मंजूर करतं, हे एका ओळीत नावानिशी लिहिलेलं असावं. ऑर्डरीबद्दल एवढं पुरे.

खरी गोम पैसे जमा करण्यात आहे. बँकेच्या उताऱ्यावर रक्कम दिसली की ती गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकणं सोपं असतं. ती कोणत्या बिलापोटी आली हे ठरवणं अवघड. टॅली तिथे विचारतं: जुन्या बिलापोटी असेल तर `Agst Ref`, आगाऊ असेल तर `Advance`, आणि माहीत नसेल तर `On Account`. घाईत शेवटचा पर्याय निवडला जातो, कारण त्याला बिल क्रमांक लागत नाही.

एका कंत्राटदाराचं उदाहरण घेऊ. त्याची तीन बिलं बाकी आहेत: ४१२ क्रमांकाचं ३८,९४० रुपयांचं, ४३७ चं २९,५०० आणि ४५९ चं २१,२४०. एकूण येणं ८९,६८०. एनईएफटीने ८७,२४४ रुपये येतात, सोबत कागद नाही. फरक २,४३६. हा आकडा कुठल्याच बिलाशी जुळत नाही, आणि इथेच नवा माणूस `On Account` दाबून मोकळा होतो.

त्याऐवजी फरक फोडून पाहायचा. वायरवर जीएसटी १८ टक्के. तो वगळला तर बिलांच्या मूळ रकमा ३३,०००, २५,००० आणि १८,००० येतात, बेरीज ७६,०००. मोठे खरेदीदार एकाच विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांहून अधिक माल घेतला, की पुढच्या खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापतात. ७६,००० वर तो ७६ रुपये होतो. उरले २,३६०. त्यातला जीएसटी काढला तर बरोबर २,०००, म्हणजे हा परत पाठवलेल्या मालाचा वास येणारा आकडा. गोदामाच्या वहीत पाहिलं तर ४३७ च्या बिलातलं एक बंडल परत आल्याची नोंद सापडते. आता कंत्राटदाराच्या हिशेबनीसाला फोन करायचा आणि हा हिशेब त्याच्याकडून लेखी मागवून घ्यायचा.

मग नोंद अशी होते: ४१२ पोटी ३८,९०७ जमा आणि ३३ टीडीएस, म्हणजे ते बिल मिटलं. ४५९ पोटी २१,२२२ आणि १८, तेही मिटलं. ४३७ पोटी २७,११५ आणि २५. त्यावर २,३६० बाकी राहतात. ही बाकी क्रेडिट नोट निघाल्यावरच मिटते, आणि क्रेडिट नोट कारकुनाने स्वतःच्या अधिकारात काढायची नाही. कापलेले ७६ ‘येणे टीडीएस’ खात्यात बसतात. कंत्राटदाराने विवरणपत्र भरल्यावर ते आपल्या पॅनवर आयकराच्या पोर्टलवर दिसायला हवेत. तिमाहीनंतरही दिसले नाहीत, तर त्याला आठवण करायची.

सगळं `On Account` टाकलं असतं तरी खात्याची बाकी या घडीला जवळपास तेवढीच दिसली असती. म्हणूनच ही चूक महिनोन्‌महिने लपते. पण बिलवार यादीत ४१२ जुनं थकीत म्हणून वर येतं, प्रतिनिधी दिलेल्या पैशांसाठी तगादा लावतो, आणि साठ दिवसांची मुदत उलटली म्हणून त्या माणसाची पुढची ऑर्डर अडवली जाते. कंत्राटदार चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं. ओळखायची खूण एकच: थकीत बिलांच्या यादीत एकाच नावाखाली जुनी बिलंही उघडी आणि मोठी `On Account` जमाही पडून, असं दिसलं की तिथे कुणीतरी घाई केली आहे.

पैसे कुणाचे हेच कळत नसेल, तर केवळ रक्कम जुळते म्हणून कुणाच्याही खात्यात टाकू नयेत. एकाच रकमेची बिलं दोन दुकानांची असू शकतात. ते ‘अनोळखी जमा’ खात्यात ठेवायचे, शेऱ्यात यूटीआर क्रमांक पूर्ण उतरवायचा, आणि पैसे पाठवल्याचा दावा करणाऱ्याकडून तोच क्रमांक मागायचा. यूपीआय असेल तर बारा अंकी क्रमांक जुळवायचा.

चेक न वटता परत आला, तर जुनी जमा खोडायची नाही. परतीच्या तारखेला उलटी नोंद करायची, म्हणजे बिल पुन्हा उघडं होतं आणि काय घडलं ते खात्यात दिसत राहतं. बँकेचा मेमो हाती आला त्या तारखेसह तो त्याच दिवशी मालकाकडे जायला हवा, कारण चेक देणाऱ्याला कायदेशीर नोटीस पाठवायची मुदत बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांची आहे. मेमो कारकुनाच्या खणात दीड महिना राहिला, तर त्या चेकवर फौजदारी तक्रारीचा मार्ग बंद होऊ शकतो.

बिलच चुकलं असेल आणि पेढीला ई-इन्व्हॉइस लागू असेल, तर ते पोर्टलवर चोवीस तासांच्या आतच रद्द होतं, आणि तो बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्यानंतर बहुधा क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून दिवसभराची बिलं त्याच संध्याकाळी ऑर्डरींशी ताडून पाहायची, दुसऱ्या दिवशी दुपारी नव्हे. रोखीबद्दलही एक ओळ हवी: एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच बिलापोटी, दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. अडीच लाखांचं बिल दोन दिवसांत वाटून रोख दिलं तरी चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. गिऱ्हाईक नोटांचं पुडकं टेबलावर ठेवतं तेव्हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, हे नव्या मुलाला लिहून दिलेलं असलं पाहिजे.

टिपणाचं शेवटचं पान सोडून जाणारीच्या शेवटच्या दिवसाच्या तारखेचं असावं. त्यावर उघडी प्रकरणं: कुणाचं, किती, कशामुळे अडलं, शेवटचा फोन कुणाशी आणि कधी झाला, निर्णय कुणाकडे आहे. वरचे २,३६० रुपये त्या यादीत ‘क्रेडिट नोट मालकांच्या मंजुरीसाठी’ अशा शेऱ्यासह दिसतील. अनोळखी जमेच्या ओळींची बेरीज खात्यातल्या बाकीशी जुळलेली असावी आणि दोघांनी त्याखाली सह्या कराव्यात. पासवर्ड मात्र त्या पानावर नकोत. नव्या माणसाचं वेगळं लॉगिन पहिल्या दिवशीच करून घ्यावं, म्हणजे पुढची प्रत्येक नोंद कुणी केली ते टॅलीत पाहता येईल.