परतीचं पार्सल वाटेत का थांबतं?

समजा, नाशिकच्या ग्राहकाने सुरतच्या विक्रेत्याला कुर्ता परत पाठवला. न्यायला आलेला माणूस आधी रंग, साइज आणि टॅग मोबाइलवरच्या फोटोशी ताडून पाहतो आणि मग परतीचा बारकोड स्कॅन करतो. पार्सल स्थानिक हबवर जातं. विक्रेत्याकडून माल गठ्ठ्याने निघतो. परतीचा माल मात्र घराघरांतून एकेक करून गोळा होतो. सुरतच्या दिशेची पुरेशी पार्सलं जमेपर्यंत कुर्ता तिथेच पडून राहू शकतो.

पार्सल पोहोचल्यावर विक्रेता पिशवी उघडतो. कुर्ता तोच आहे ना, धुतलेला तर नाही ना? वस्तू बदलून परत येण्याची भीती खरी असते, म्हणून अनेकदा पैसे या तपासणीनंतरच सुटतात. काही कंपन्या पिकअपच्या स्कॅनलाच पैसे सोडतात. ऑर्डर करतानाच ती अट वाचलेली बरी.

रिफंड निघाल्यावरही कार्डावर रक्कम दिसायला काही दिवस जातात. दिसलीच नाही, तर कंपनीकडे एआरएन हा संदर्भ क्रमांक मागा. बँकेला व्यवहार त्यावरून शोधता येतो. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.