नऊ लिटरमधले पन्नास मिलिलिटर

पाणी, चहा, आमटी, ताक आणि जेवणातला ओलावा मिळून आपण दिवसाला साधारण दोन लिटर द्रव पोटात घालतो. शरीर त्यात आपल्याकडचे सात लिटर ओततं: लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा पाझर. म्हणजे रोज नऊ लिटर. सहा मीटर लांबीचं लहान आतडं त्यातलं बहुतेक पाणी परत रक्तात घेतं. मोठ्या आतड्यापर्यंत दीड लिटरच्या आसपास पोचतं आणि तेही जवळजवळ सगळं खेचून घेतलं जातं. शौचावाटे बाहेर जातं ते शंभर-सव्वाशे मिलिलिटर.

आता हिशोब करून पाहू. दीडशे ग्रॅम मऊ मलात तीन चतुर्थांश पाणी धरलं तर पाणी होतं ११२ ग्रॅम आणि घन भाग ३८ ग्रॅम. घन भाग तेवढाच राहून पाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांवर उतरलं, तर पाणी उरतं जेमतेम ५७ ग्रॅम, आणि सुखाने होणाऱ्या शौचाच्या जागी कोरड्या गाठी होतात. फरक पन्नास-पंचावन्न मिलिलिटरचा, एका कटिंग चहाएवढा. नऊ लिटरच्या उलाढालीत तो अर्ध्या टक्क्याहून जरासा जास्त भरतो. म्हणूनच काही मिलिग्रॅमची गोळी एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा तोल घालवू शकते. तिला नऊ लिटर अडवावे लागत नाहीत, मल मोठ्या आतड्यात काही तास जास्त रेंगाळला तरी पुरतं. जितका वेळ तो तिथे थांबेल, तितकं पाणी शोषलं जातं.

एक नमुना यादी घेऊ. अडुसष्ट वर्षांच्या काकू. हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी, सकाळ-संध्याकाळ. पायांची आग होते म्हणून रात्री अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम, जिला त्या "नसांची गोळी" म्हणतात. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम, आणि पावलांवर सूज आली म्हणून पुढे जोडलेली क्लोरथॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम. तक्रार अशी की चार-चार दिवस पोट साफ होत नाही. अशा याद्या घरोघरी औषधांच्या डब्यांत सापडतात, आणि त्यावर उपाय म्हणून बहुधा पाचवी गोळी येते, जुलाबाची.

कॅल्शियमपासून सुरुवात करू, कारण तिथले आकडे सर्वांत ढोबळ आहेत. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावं म्हणून गोळीत १,२५० मिलिग्रॅम कार्बोनेट भरावं लागतं, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचा वाटा ४० टक्के असतो. दोन गोळ्या रोज घेतल्या तर वर्षाला ९१२ ग्रॅम कार्बोनेट पोटात जातं. त्यातलं निव्वळ कॅल्शियम ३६५ ग्रॅम. माणसाच्या सगळ्या सांगाड्यात मिळून किलोभराच्या आसपास कॅल्शियम असतं, हे लक्षात घेतलं की या ३६५ ग्रॅमचा आवाका कळतो. मात्र शोषलं जातं त्यातलं सुमारे तीस टक्के. उरलेलं पाव किलो वर्षभर आतड्यातून प्रवास करतं आणि वाटेत चरबीच्या आम्लांशी जुळून न विरघळणारे, साबणासारखे क्षार तयार करतं. मल घट्ट होण्यात त्यांचा हात असतो.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सत्तरीपुढच्या १,४६० स्त्रियांवर पाच वर्षं चाललेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या जणींना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात दिलं होतं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. बद्धकोष्ठतेची तक्रार कॅल्शियमवाल्यांत १३.४ टक्के जणींची होती आणि दुसऱ्या गटात ९.१ टक्के जणींची. म्हणजे साधारण तेवीस जणींमागे एकीला गोळीमुळे जादा त्रास. मला यातला दुसरा आकडाही तितकाच महत्त्वाचा वाटतो: औषध पोटात नसतानाही शंभरातल्या नऊ जणींना त्रास होताच. वयाची, हालचालीची, खाण्याची कारणं गोळीच्या माथी मारून चालत नाही.

काकूंच्या बाबतीत पहिला प्रश्न त्यांच्या ताटाचा. दोन वेळचं मिळून ४०० मिलिलिटर दूध, त्यातून सुमारे ४८० मिलिग्रॅम. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी, त्यातून १८० च्या जवळपास. वाटीभर दही, सव्वाशेच्या आसपास. बेरीज ७८० ते ८०० मिलिग्रॅम. आयसीएमआरची शिफारस प्रौढांसाठी रोज १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी १,२०० मिलिग्रॅम आहे. तूट राहिली दोनशे ते चारशेची, आणि दोन गोळ्या भरताहेत हजाराची. एक गोळी पुरेल का, हे डॉक्टरांना विचारण्याजोगं आहे. हाडांच्या ठिसूळपणावर वेगळं औषध चालू असेल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय कॅल्शियम कमी करू नये. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं असतं. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल, तर आम्लाची गरज नसलेलं कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं, आणि काहींच्या पोटाला ते सोसतंही जास्त. पण सायट्रेटमध्ये कॅल्शियम २१ टक्केच असल्याने गोळ्या मोठ्या किंवा संख्येने जास्त लागतात.

इथेच ड जीवनसत्त्वाच्या पुडीचाही विचार व्हायला हवा. आठवड्याची ती पुडी ६०,००० युनिटची असते आणि दिवसाची गरज ६०० युनिटची, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा. कमतरता भरून काढायला डॉक्टर ती ठरावीक आठवडेच देतात, पण जुनी चिठ्ठी दाखवून ती महिनोन्‌महिने घेत राहणारे कमी नाहीत. अशाने रक्तातलं कॅल्शियम १०.५ च्या वर गेलं, तर बद्धकोष्ठता हेच त्याचं लक्षण असू शकतं. सोबत तहान, वारंवार लघवी, मळमळ, सुस्ती. शिवाय क्लोरथॅलिडोन लघवीवाटे जाणारं कॅल्शियम रोखून धरते. काकूंच्या डब्यात कॅल्शियम आणि क्लोरथॅलिडोन एकत्र आल्यात, त्यामुळे त्यांच्या रक्ताच्या तपासणीत कॅल्शियम हवंच.

आता "नसांची गोळी". अमिट्रिप्टिलीन १९६१ पासून वापरात असलेलं नैराश्यावरचं औषध आहे. कमी मात्रेत ते नसांच्या वेदना, अर्धशिशी आणि झोपेसाठी दिलं जातं, म्हणून अनेकांना आपण नैराश्यावरचं औषध घेतोय हे ठाऊकच नसतं. दहा मिलिग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्यात रेणू किती? एकावर एकोणीस शून्यं दिली की जी संख्या होते, तिच्या जवळजवळ दुप्पट. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं एक स्वतंत्र जाळं असतं, दहा ते पन्नास कोटी पेशींचं. पन्नास कोटी धरल्या तरी दर पेशीच्या वाट्याला या एका गोळीतले सुमारे ३,८०० कोटी रेणू येतात. त्यातले बहुतेक शरीरात इतरत्र विखुरतात, तरी उरतात ते पुष्कळ असतात.

हे रेणू नेमकं काय करतात? आतड्याच्या स्नायूला "आवळ" असा निरोप देणारं रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिन, आणि अमिट्रिप्टिलीन त्याची बसायची जागा अडवतं. मोठ्या आतड्यात मल पुढे ढकलणाऱ्या जोरदार लाटा मुळातच दिवसातून मोजक्या उठतात, बहुधा झोपेतून उठल्यावर आणि जेवणानंतर. त्यातल्या एकदोन हुकल्या की काम लांबतं. ओळखायची खूण सोपी आहे. याच निरोपावर लाळग्रंथी आणि मूत्राशयही चालतात. गोळी सुरू झाल्यापासून तोंड कोरडं पडत असेल, लघवी सुरू व्हायला वेळ लागत असेल आणि पोटही अडकलं असेल, तर तिन्हींचं कारण एकच असण्याची शक्यता दाट. सर्दी-खाजेची झोप आणणारी गोळी सोबत असेल तर हाच परिणाम वाढतो.

पर्याय दुखणं काय आहे त्यावर ठरतात. नॉर्ट्रिप्टिलीन याच कुळातलं, पण त्या जागेला प्रयोगशाळेतल्या मोजमापानुसार सुमारे आठपट कमी चिकटणारं. नैराश्यच असेल तर सर्ट्रालिनची चर्चा करता येते, त्याने काहींना उलट पातळ होतं. पॅरॉक्सेटिनने मात्र बांधू शकतं. नसांच्या वेदनेसाठी ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगाबालिन आहेत, पण त्यांनीही काहींचं पोट अडतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. यातलं कुठलंही औषध मनाने एकदम थांबवायचं नाही. झोप उडणं, घाबरं होणं, मळमळ, असा त्रास होतो आणि मूळ दुखणंही उसळतं.

राहिला रक्तदाब. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनुसार भारतात ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. यातल्या शंभरात एकाला जरी गोळीमुळे पोटाचा त्रास झाला, तरी ती माणसं ३१ लाखांवर जातात. या गोळ्यांत सर्वांत बदनाम व्हेरापामिल. स्नायू आवळण्यासाठी कॅल्शियम पेशीत शिरावं लागतं. पेशीबाहेर ते आतल्यापेक्षा सुमारे दहा हजारपट दाट असतं आणि एवढ्या दाबाने ज्या दारांतून आत घुसतं, तीच दारं व्हेरापामिल बंद करतं, रक्तवाहिनीच्या भिंतीत आणि आतड्याच्याही. अमेरिकेतल्या औषधपत्रकात हा त्रास ७.३ टक्के रुग्णांत नोंदवला आहे.

अ‍ॅम्लोडिपिन त्या मानाने पोटाला सौम्य आहे, पण काकूंची अडचण आडवाटेने आली. अ‍ॅम्लोडिपिनच्या औषधपत्रकात पायांवर सूज येण्याचं प्रमाण ५ मिलिग्रॅमला ३ टक्के आहे आणि १० मिलिग्रॅमला १०.८ टक्के. मात्रा दुप्पट, सूज साडेतीनपट. ही सूज पाण्याच्या साठ्यामुळे आलेली नसते. केशवाहिन्यांतला दाब वाढून द्रव बाहेर पाझरतो, त्यामुळे क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी तिच्यावर फारशी चालत नाही. ती गोळी शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम मात्र घालवते. पोटॅशियम ३.५ च्या खाली गेलं की आतड्याचा स्नायू मंदावतो. इथे डॉक्टरांपुढे मांडण्यासारखा मार्ग असा: अ‍ॅम्लोडिपिन ५ वर आणून सोबत टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल देता येईल का? त्यांनी पोट सहसा बांधत नाही आणि सूजही कमी व्हायला मदत होते. सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावं लागतं, आणि रॅमिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो.

दवाखान्यात जाताना काकूंनी एक कागद न्यावा: प्रत्येक गोळी कधी सुरू झाली, मात्रा कधी वाढली आणि शौचाची तक्रार कधीपासून. तारखा शेजारी शेजारी आल्या की संशयित दिसतो. बदल एका वेळी एकच करावा आणि दोन-तीन आठवडे थांबून पाहावं, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. एखादं औषध बदलणं शक्यच नसेल, तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅमची पूड पाण्यातून घ्यायला डॉक्टर सांगू शकतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणजे हरवलेले ते पन्नास मिलिलिटर परत देते. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून दोन तास दूर ठेवून. आतडं फारच मंद झालेलं असेल तर त्याने पोट फुगतं.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली बद्धकोष्ठता, शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन किंवा रक्तक्षय यांपैकी काही असेल, तर गोळ्यांच्या हिशोबात वेळ न घालवता आतड्याची तपासणी आधी करून घ्यावी. पोट फुगून वारासुद्धा सरत नसेल आणि उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.