अनुभवाचा पाठ कसा करावा: बेअरिंग बसवण्याचे उदाहरण

उद्योगात किमान १५ वर्षे काम केलेल्या तज्ज्ञाला महाविद्यालयात शिकवता यावे, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यात औपचारिक पदवीची सक्ती नाही. पण वर्गात उभे राहिल्यावर एक वेगळीच अडचण समोर येते. तीस वर्षांच्या सवयीने कामातील अनेक बारकावे हातात बसलेले असतात, त्यामुळे ते सांगायचे राहून जातात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांना नवे कामगार झटपट तयार करायचे होते. तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या कार्यक्रमाने कामाचे विभाजन करण्याची एक सोपी रीत वापरली. प्रत्येक पायरीसमोर तिचा कळीचा मुद्दा लिहायचा; त्याचे कारण लिहिण्याची पद्धत नंतर जोडली गेली.

समजा, देखभाल विभागाचे निवृत्त प्रमुख शाफ्टवर घट्ट बसणारे बेअरिंग कसे बसवायचे हे शिकवत आहेत. ते सहज सांगतात, "शाफ्ट पुसा, बेअरिंग तापवा, सरकवा." विभाजन केल्यावर याच तीन पायऱ्या अशा दिसतात:

१. शाफ्ट पुसणे. बेअरिंगच्या जागी ओरखडा किंवा उंचवटा नाही ना, हे पाहावे. असल्यास बेअरिंग तिरके बसते.

२. तापवणे. साधे, उघडे बेअरिंग सुमारे ११०° से.पर्यंत तापवावे, १२०° च्या पुढे नाही. थेट ज्योत लावू नये. तापल्याने आतली रिंग फुगते व सहज सरकते. जास्त तापल्यास पोलादाचा कठीणपणा कमी होऊ शकतो.

३. सरकवणे. जोर फक्त आतल्या रिंगवर द्यावा आणि पकड बसेपर्यंत बेअरिंग शाफ्टच्या खांद्याला दाबून धरावे. बाहेरच्या रिंगवर ठोकल्यास धक्का गोळ्यांमधून जातो आणि त्यांच्या मार्गावर खळगे पडतात. दाबून न धरल्यास थंड होताना खांद्याशी फट राहू शकते.

हे मुद्दे एकट्याने बसून आठवत नाहीत. प्रत्यक्ष काम करावे आणि एखाद्या नवख्याला शेजारी उभे करावे. आपला हात जिथे थांबतो किंवा दिशा बदलतो, तिथे त्याने "का?" असे विचारावे. त्याचे उत्तर म्हणजेच सुटलेला मुद्दा.

शिकवून झाल्यावर "समजले का?" असे विचारून काहीच कळत नाही. विद्यार्थ्याला काम करायला लावावे आणि करता करता प्रत्येक कारण त्याच्याच तोंडून ऐकावे. त्याने बेअरिंग नीट बसवले, पण जोर आतल्या रिंगवरच का द्यायचा हे सांगता आले नाही, तर त्याने केवळ नक्कल केली आहे. बेअरिंगची मांडणी बदलली की तो चुकेल.

या रीतीला मर्यादा आहे. खराब बेअरिंगचा आवाज ओळखणे कागदावर उतरत नाही. त्यासाठी चांगले व खराब बेअरिंग एकामागून एक फिरवून पुन्हा पुन्हा ऐकवावे लागते.