सोळा तारखेचा रविवार, पण कोणत्या महिन्याचा?

रक्तदान शिबिराचा एक फलक नमुन्यादाखल समोर ठेवू. कोणा एका मंडळाचा नव्हे. असा मजकूर गावोगावच्या चौकांत लागतो. सगळ्यात वर ‘जय भवानी, जय शिवाजी’. त्याखाली ‘शिवजयंतीनिमित्त’, मग लाल अक्षरांत, पिवळ्या कडांनी आणि काळ्या सावलीने सजवलेले ‘भव्य रक्तदान शिबिर’ आणि पुढे तीन उद्गारचिन्हे. मग ‘रक्तदान हेच श्रेष्ठ दान’. त्याच्या पोटात कुठेतरी ‘रविवार दि. १६ रोजी सकाळी ९ वा., स्थळ : मंडळाचा मंडप, मारुती मंदिरासमोर’. पुन्हा मोठ्या अक्षरांत ‘प्रत्येक रक्तदात्यास आकर्षक भेटवस्तू!’. उरलेल्या अर्ध्या भागात अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार आणि शुभेच्छुक, प्रत्येकाच्या छायाचित्रासह. शेवटी ‘अधिक माहितीसाठी मंडळाशी संपर्क साधावा’.

मंडळाच्या कार्यकर्त्याने हे वाचले तर त्याला काहीच खटकणार नाही. तारीख आहे, वार आहे, वेळ आहे, ठिकाण आहे. अडचण एवढीच की त्याला हे सगळे आधीपासून माहीत आहे. बैठकीत ठरलेले तो फलकावर पुन्हा पाहतो आणि जे छापलेले नाही ते त्याच्या मनातून आपोआप भरले जाते. म्हणून मजकूर तपासायला बसताना पहिली गोष्ट करायची ती ही, की चित्र बाजूला ठेवायचे आणि फक्त शब्द साध्या कागदावर उतरवून घ्यायचे. रंग गेला की भोके दिसू लागतात.

तारखेपासून सुरुवात करू. हा फलक २०२५ सालचा आहे असे धरा. त्या वर्षी शासकीय शिवजयंती बुधवारी, १९ फेब्रुवारीला होती. तिथीने, म्हणजे फाल्गुन वद्य तृतीयेला, ती सोमवारी १७ मार्चला आली. दोन्हींच्या आधीचा रविवार कोणता? फेब्रुवारीतला सोळा आणि मार्चमधलाही सोळाच. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असला की पुढच्या महिन्यात त्याच तारखांना तेच वार येतात. म्हणजे ‘शिवजयंतीनिमित्त, रविवार दि. १६’ हे दोन्ही महिन्यांना तंतोतंत लागू पडते आणि फलक वाचणारा कोणती जयंती मानतो त्यावर त्याचे येणे ठरते. एरवी वार हा तारखेचा साक्षीदार असतो. १६ ऐवजी १७ छापले गेले तर वार जुळत नाही आणि चूक पकडली जाते. इथे तो साक्षीदारही कामाचा नाही. महिनाच लिहायला हवा.

आणि सालही. ‘साल कशाला, याच वर्षी आहे ना?’ असे मंडळात कोणीतरी म्हणणारच. पूर्वी ते खरे होते, कारण फलक उतरला की संपला. आता त्याचे चित्र व्हॉट्सअॅपवर फिरत राहते आणि पुढच्या जयंतीला एखादा उत्साही माणूस तेच पुन्हा पाठवतो. साल नसलेला फलक मग दरवर्षी ताजाच दिसतो.

वेळेत आणखी एक भोक आहे. ‘सकाळी ९ वा.’ हे व्याख्यानाला चालेल, शिबिराला नाही. शिबिर कधी सुरू होते याइतकेच ते कधी आवरते हेही लोकांना हवे असते. दुकान बंद करून दीड वाजता आलेला माणूस रक्तपेढीची माणसे खाटा गुंडाळताना पाहतो आणि परत जातो. त्यातही शिबिराची वेळ आणि नोंदणीची वेळ वेगळी असते. नाव लिहायचे, अर्ज भरायचा, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासायचे, मग रक्त द्यायचे आणि थोडे बसून चहाबिस्किट घ्यायचे, यात अर्धापाऊण तास सहज जातो. म्हणून ‘नोंदणी सकाळी ९ ते दुपारी १’ असे लिहिले की वाद राहत नाही.

आता ठिकाण. मारुती मंदिर नसलेले गाव महाराष्ट्रात शोधावे लागेल आणि शहरात तर एकेका पेठेत दोन-दोन असतात. ‘मंडळाचा मंडप’ ही खूण मंडळाच्या माणसालाच कळते. शिवाय मंडप त्या दिवशी उभा असेल की नाही हे कोणी विचारलेले नसते. ठिकाण लिहिताना रिक्षावाल्याला काय सांगाल ते लिहावे: इमारत, रस्ता किंवा पेठ, ठळक खूण आणि मजला. मजला विसरू नये. पहिल्या मजल्यावरचे शिबिर आणि तळमजल्यावर बंद शटर अशी गंमत होते. गावाचे नावही हवे, कारण फलकाचे चित्र गावाबाहेर जाते.

संपर्काची ओळ या फलकावर आहे, पण तिच्यात संपर्क नाही. पंधरा नावे आहेत, पंधरा पदे आहेत, क्रमांक एकही नाही. क्रमांक छापले तरी कोणाचे, हा प्रश्न उरतोच. अध्यक्षांचा क्रमांक मानाचा असतो; फोन उचलणारा बहुधा दुसराच असतो. रक्तदानात तर विचारणारे नेमके विचारतात. मधुमेह आहे, चालेल का? दोन महिन्यांपूर्वीच दिले होते, पुन्हा देऊ का? उत्तर देता येईल, निदान रक्तपेढीला विचारून सांगता येईल, असा माणूस त्या क्रमांकावर हवा. दोन क्रमांक द्यावेत, नावांसह.

क्रमांकाची खरी तपासणी डोळ्यांनी होत नाही. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची रूपे जवळजवळ सारखी. देवनागरी पाच घाईत इंग्रजी चारसारखा दिसतो. डीटीपीवाले अजूनही अनेकदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करतात, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला मजकूर त्यांना रूपांतर करून घ्यावा लागतो. त्या प्रवासात जोडाक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि एकाच ओळीत देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळतात. म्हणून प्रूफ आले की त्यावरचे आकडे एकेक वाचून दुसऱ्याच्या फोनवरून तो क्रमांक लावून पाहायचा. आपल्या फोनमध्ये तो नावाने साठवलेला असतो आणि चार आकडे दाबताच फोन उरलेले स्वतःच सुचवतो.

या फलकावर आणखी एक गोष्ट नाही आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही: रक्तपेढीचे नाव. रक्त मंडळ घेत नाही. ते घेते परवानाधारक रक्तपेढी. रक्त कुठे जाणार हे विचारणाऱ्या जाणत्या रक्तदात्याला फलकाने गप्प ठेवले आहे. याउलट भेटवस्तू मात्र उद्गारचिन्हासह हजर आहे. ऐच्छिक रक्तदानात आमिष बसत नाही, म्हणून ती ओळ काढलीच पाहिजे असे माझे मत आहे, जागाही वाचते. त्या जागी उपयोगाचे लिहिता येते: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, उपाशीपोटी येऊ नये.

आता भडकपणाकडे वळू. या फलकात लाल, जाड, सावलीदार अक्षरांत पाच ओळी आहेत. पाचही ओळी ओरडत असल्याने कोणतीच ऐकू येत नाही, आणि ज्या ओळीसाठी फलक लावला ती तारखेची ओळ सगळ्यांत बारीक आहे. रोमन लिपीत कॅपिटल अक्षरांनी जोर देता येतो. आपल्याकडे ती सोय नाही आणि तिरकी देवनागरी डोळ्यांना खुपते. राहतात आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. यांतली मोकळी जागा सर्वांत स्वस्त, आणि तीच कोणाला सोसत नाही.

देवनागरीची आणखी एक गरज आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. ओळी खेटून बसवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. कडा आणि सावली दिली की ‘ष’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांच्या आतली पोकळी बुजते आणि लांबून नुसता डाग दिसतो. म्हणून कडा काढा, सावली काढा, ओळींमध्ये जागा सोडा, एवढी सूचना डीटीपीवाल्याला दिली तरी अर्धे काम होते. कोणती ओळ मोठी ठेवायची, हे त्यानंतर. माझा क्रम असा: काय आहे, कधी आहे, कुठे आहे. या तीन गोष्टी मोठ्या, बाकी सगळे एकाच लहान आकारात. ‘भव्य’ गेले तरी शिबिर लहान होत नाही.

सुधारलेला मजकूर मग असा होतो:

शिवजयंतीनिमित्त
रक्तदान शिबिर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५
नोंदणी सकाळी ९ ते दुपारी १
मंडळाचे सभागृह, पहिला मजला, मारुती मंदिरासमोर, जुनी भाजी मंडई, (गावाचे नाव)
रक्तसंकलन : (रक्तपेढीचे नाव)
वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. उपाशीपोटी येऊ नये.
संपर्क : (दोन नावे, दोन क्रमांक)

घोषणा आणि मंडळाचे नाव वर एका पट्टीत मावते. राहिले पदाधिकारी. इथे तपासणाऱ्याचे फारसे चालत नाही. फलकाचा खर्च शुभेच्छुकांनी केलेला असतो आणि कोणाचे छायाचित्र कोणाच्या वर, यावरून मंडळे फुटलेली आहेत. नावे काढा म्हणून भांडण्यापेक्षा ती सगळी खालच्या एका पट्टीत, सारख्या आकारात घ्या असे सुचवावे. सारखा आकार म्हटले की मानापमानाचा प्रश्नही निम्मा सुटतो. तेही जमले नाही तर दोन फलक करावेत: चौकातला छायाचित्रांचा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचा फक्त मजकुराचा. माहिती पुष्कळदा दुसऱ्यावरूनच वाचली जाते, आणि फोनच्या वीतभर पडद्यावर पंधरा चेहरे म्हणजे पंधरा ठिपके.

छापायला देण्याआधी प्रूफ मंडळाबाहेरच्या एखाद्याला, शक्यतो दुसऱ्या पेठेतल्या माणसाला, फोनवर पाठवावे. ‘कसा वाटला?’ असे विचारू नये. ‘छान’ म्हणून तो मोकळा होईल. विचारायचे ते असे: कोणत्या दिवशी याल, रिक्षा कुठे थांबवाल, उशीर झाला तर किती वाजेपर्यंत चालेल, शंका आली तर कोणाला फोन कराल? ज्या प्रश्नाला तो अडखळेल ती ओळ दुरुस्त करायची. तो बरोबर उत्तर देतो पण शोधायला वेळ लावतो, तर माहिती आहे आणि जोर चुकीच्या ठिकाणी पडला आहे.

फलक लागल्यावर ठिकाण बदलले तर फ्लेक्सवर पट्टी चिकटवता येते, पण पाठवलेले चित्र परत घेता येत नाही. नव्या चित्रावर नुसते ‘सुधारित’ लिहून भागत नाही, कारण जुने ज्याच्याकडे आहे त्याला ते जुने आहे हे कळत नाही. काय बदलले ते एका वाक्यात लिहावे: ‘ठिकाण बदलले आहे, तारीख आणि वेळ तीच.’ आणि संपर्काच्या दोन्ही माणसांना ते आधी सांगावे, कारण पहिले फोन त्यांनाच येणार आहेत.