दमलेली, घाबरी बाई : थायरॉइड की पाळी जाण्याचा काळ?

(बेलापूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

आज समोर बसलेल्या बहुतेक ताई चाळिशीच्या पुढच्या आहेत आणि मागे काही दादाही आहेत, हे पाहून बरं वाटलं. आजचा विषय बाईच्या शरीराचा असला तरी डॉक्टरकडे कधी जायचं, कोणती तपासणी करायची, हे घरात सगळे मिळून ठरवतात. म्हणून दोघांनीही ऐकावं.

सुरुवात एका ताईंपासून करू. या ताई म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. आमच्याकडे येणाऱ्या अनेकजणींच्या हकिकती एकत्र करून आम्ही त्यांचं चित्र तयार केलं आहे. वय 46. घरची शेती, दोन गायी, धाकट्या मुलीची बारावी. गेलं वर्ष-दीड वर्ष त्या सकाळी उठतात तेव्हाच दमलेल्या असतात. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं, उगाच काहीतरी वाईट होणार असं वाटतं. वजन पाच किलोंनी वाढलंय. केस गळतात. वस्तू कुठे ठेवली ते आठवत नाही. पाळी कधी 24 दिवसांनी, कधी 40 दिवसांनी येते आणि आली की जास्त जाते. घरचे म्हणतात, मुलीच्या परीक्षेचं टेन्शन. शेजारीण म्हणते, पाळी जायची वेळ आली, हे असंच असतं. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती चार महिने चालली.

आता या तक्रारींची यादी घ्या आणि विचारा, ही कशाची लक्षणं? थकवा, अपुरी झोप, घाबरं वाटणं, चिडचिड, विसरभोळेपणा, वजन वाढणं, केस गळणं, पाळी बिघडणं. थायरॉइड ग्रंथी मंद झाली तरी हीच यादी होते. पाळी जाण्याआधीच्या काळात, ज्याला पेरीमेनोपॉज म्हणतात, तेव्हाही हीच यादी होते. नुसत्या तक्रारी ऐकून अनुभवी डॉक्टरालाही दोन्ही खात्रीने वेगळे करता येत नाहीत.

शिवाय दोन्ही एकाच वयात गाठतात. भारतीय बाईची पाळी साधारण 46-47 च्या आसपास जाते, आणि त्याआधीची काही वर्षं संक्रमणाची असतात. दुसरीकडे, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या प्रौढांच्या पाहणीत शंभरातल्या जवळजवळ अकरा जणांची थायरॉइड मंद आढळली. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. म्हणजे ‘हे की ते’ हा प्रश्नच अपुरा आहे. एकाच बाईला दोन्ही असू शकतं, आणि एक सापडलं म्हणून दुसरं नाही असं होत नाही. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच.

आधी दोन्हींचं काम कसं चालतं ते पाहू. थायरॉइड ही गळ्यात समोर असलेली फुलपाखरासारखी ग्रंथी. शरीराची भट्टी किती जोरात चालवायची ते तिचं संप्रेरक ठरवतं. मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी तिला ‘काम कर’ असा निरोप पाठवते, त्या निरोपाचं नाव टीएसएच. थायरॉइड आळसावली की निरोप मोठ्याने द्यावा लागतो, म्हणून टीएसएच वाढतं. थायरॉइड फार जोरात चालली की निरोपाची गरजच उरत नाही, म्हणून टीएसएच खाली जातं. पुष्कळांना हे उलटं वाटतं. रिपोर्टवर आकडा जास्त, म्हणजे थायरॉइड जास्त, असं ते समजतात. तसं नाही.

पेरीमेनोपॉजमध्ये बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन सरळ उताराने कमी होत नाही. ते हिंदकळतं. एका महिन्यात भरपूर, पुढच्या महिन्यात कमी. म्हणून पाळी मागेपुढे होते, आणि मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र व झोप दोन्ही बिथरतात. इथे रक्ताच्या तपासणीची एक मर्यादा लक्षात घ्या. थायरॉइडसाठी टीएसएच ही भरवशाची तपासणी आहे. पेरीमेनोपॉजसाठी तशी एकही नाही. एफएसएच नावाची तपासणी लिहून दिली जाते, पण आज जास्त आलेला आकडा पुढच्या महिन्यात अगदी नेहमीसारखा येऊ शकतो. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईत पेरीमेनोपॉज ओळखायचा तो पाळीच्या तारखा आणि लक्षणं यांवरून. दोन पाळ्यांमधलं अंतर सात किंवा जास्त दिवसांनी मागेपुढे व्हायला लागलं आणि तसंच होत राहिलं, की संक्रमण सुरू झालं असं धरतात. म्हणून कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करा. तो गोल महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो.

काही खुणा मात्र एका बाजूला झुकतात. पेरीमेनोपॉजची वाफ लाटेसारखी येते. छातीतून चेहऱ्याकडे एकदम गरम, दरदरून घाम, दोन-चार मिनिटांत ओसरते, मग कधी थंडी वाजते. थायरॉइड मंद असेल तर बाईला उलट सतत थंडी वाजते, शौचाला कडक होतं, कातडी कोरडी पडते, आवाज जड होतो. आणि थायरॉइड जोरात असेल तर उकाडा दिवसभर असतो, हात पुढे केले तर बोटं बारीक थरथरतात, भूक चांगली असून वजन उतरतं, शांत बसल्यावरही नाडी शंभरीच्या आसपास पळते. अशा बाईला ‘पाळी जातेय, घाम येणारच’ म्हणून घरी पाठवणं धोक्याचं, कारण उपचाराविना हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. पण या खुणा फक्त कल सांगतात. निर्णय तपासणीवर.

आता आपल्या ताईंकडे परत येऊ. त्यांचं टीएसएच 14 आलं. बहुतेक प्रयोगशाळांत साधारण 0.4 ते 4.5 ही मर्यादा धरतात. फ्री टी-फोर मर्यादेच्या खाली होतं, म्हणजे थायरॉइड खरोखर मंद होती. हिमोग्लोबिन 9.2. जास्त जाणारी पाळी हे त्याचं कारण, आणि अशी पाळी थायरॉइडमुळेही होते व पेरीमेनोपॉजमुळेही. पोटाची सोनोग्राफीही करून घेतली, कारण पंचेचाळिशीनंतर खूप रक्तस्राव होत असेल तर गर्भाशयात गाठ किंवा अस्तराची वाढ नाही ना, हे पाहावंच लागतं. त्यांची सोनोग्राफी ठीक आली. थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम आणि लोहाची गोळी सुरू झाली.

आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा केलं. आलं 11. एवढ्या आठवड्यांत ते याहून बरंच खाली यायला हवं होतं. इथे घाईने डोस वाढवला जातो. त्याआधी एक प्रश्न विचारायचा : ताई, गोळी कशी घेता? उत्तर आलं, ‘पाचला उठते, चहाबरोबर थायरॉइडची गोळी, लगेच रक्ताची गोळी, मग गायींकडे.’ गोम इथेच होती. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतात, चहामुळेही ते कमी शोषलं जातं. डोस तोच ठेवला. उठल्याबरोबर नुसत्या पाण्यासोबत थायरॉक्सिन, चहा अर्ध्या ते एक तासाने, लोहाची गोळी रात्री. दोन्हींमध्ये निदान चार तास. पुढच्या आठ आठवड्यांनी टीएसएच 3.1.

ताई म्हणाल्या, ‘पोट साफ होतं, थंडी वाजत नाही, अंगात जीव आला. पण रात्री घामाने उठते ते तसंच. पाळीच्या आधी आठ दिवस जीव घाबरतो तेही तसंच.’ त्यांचे मालक म्हणाले, ‘मग गोळी वाढवून द्या की.’

हा क्षण महत्त्वाचा. टीएसएच मर्यादेत आल्यावरही जे उरलं, त्याचा दोष थायरॉइडला द्यायचा नाही. इथे गोळी वाढवली असती तर टीएसएच फार खाली गेलं असतं, धडधड आणि घाबरेपणा वाढला असता, आणि हाडं झिजली असती. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी झाल्याने हाडं आधीच झिजतात, त्यात ही भर. म्हणून उरलेल्या तक्रारी दुसऱ्या खात्यात, पेरीमेनोपॉजच्या खात्यात टाकल्या. त्यासाठी हार्मोन उपचार आहेत, हार्मोनविना औषधंही आहेत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर हार्मोन सहसा देत नाहीत, म्हणून आपला जुना आजार डॉक्टरांपासून लपवू नका. इस्ट्रोजेन तोंडाने गोळीच्या रूपात सुरू केलं तर थायरॉक्सिनची गरज वाढू शकते, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचं.

याच्या उलट चूकही होते. टीएसएच 5.5, फ्री टी-फोर चांगलं, आणि बाईला लाटेसारख्या वाफा. अशा वेळी तो थोडासा वाढलेला आकडा पकडून सगळं थायरॉइडवर ढकललं जातं आणि पेरीमेनोपॉजकडे कुणी बघत नाही. इतका किंचित वाढलेला आकडा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करून पाहावा, पुष्कळदा तो आपोआप खाली येतो.

आपल्या या ऊसपट्ट्यात आणखी एक अडचण आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं तरुणपणीच काढली गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये बीड जिल्ह्यातून पुढे आला आणि राज्य शासनाने त्यासाठी समिती नेमली. पिशवी काढलेल्या बाईला पाळीच नसते, म्हणजे कॅलेंडरवरचा गोल नाही. बीजकोश ठेवले असले तरी ते काही वर्षं लवकर थकू शकतात. अशी चाळिशीतली ताई ‘दमते, जीव घाबरतो’ म्हणून आली, तर दोन्ही शक्यता आणखीच लक्षात ठेवायला हव्यात. पिशवी कधी काढली आणि बीजकोश ठेवले का, याचा कागद जपून ठेवा.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, ‘केसांसाठी बायोटिनची गोळी घेते, चालेल का?’ चालेल, पण टीएसएच करण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी दिसतं, आणि मंद थायरॉइड झाकली जाते.

दुसऱ्या ताईंनी विचारलं, ‘पाळी दोन महिने आली नाही, म्हणजे गेली ना?’ नाही. सलग बारा महिने आली नाही तर गेली असं म्हणतात. तोवर दिवस राहू शकतात, म्हणून पाळी लांबली तर आधी लघवीची तपासणी करा. आणि बारा महिन्यांनंतर एक डाग जरी पडला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

मागे बसलेल्या एका दादांनी विचारलं, ‘मग आधी काय करायचं?’ तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा लिहा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, आणि टीएसएच व हिमोग्लोबिन या दोन तपासण्या डॉक्टरांना मागा. रिपोर्ट चांगले आले तर ‘काही नाही, मनाचं आहे’ म्हणून थांबू नका, पाळीच्या तारखा पुढे करा. रिपोर्ट बिघडलेला आला, तर उपचारानंतर काय उरलं ते सांगायला परत जा. आणि मन फारच खचलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.